परदेशातून खासगीरीत्या आलेली जुनी गाडी घेताना: एका वेलफायरच्या कागदांवरून

सांगलीच्या माझ्या मावसभावाचा बेदाण्याचा व्यवसाय आहे. घरात म्हातारी आई, दोन मुलं, महिन्यातून दोनदा पुण्या-मुंबईची खेप. 2024 मध्ये त्याला टोयोटाची वेलफायर मिळत होती. 2016 चं मॉडेल, पांढरी, बाजूचे दरवाजे बटणावर सरकणारे, किंमत 38 लाख. त्याने मला फोटो पाठवले आणि म्हणाला, "दादा, गाडी टोयोटाची आहे, इथल्या शोरूममध्ये सर्व्हिस होईलच की. टोकन देऊ का?"

टोयोटाने वेलफायर भारतात विकायला सुरुवात केली फेब्रुवारी 2020 मध्ये. मग 2016 ची वेलफायर इथे आली कुठून? कंपनीने नव्हे, कुणीतरी स्वतः परदेशातून आणलेली, म्हणजे ग्रे मार्केटची गाडी. असं आणणं मुळात बेकायदा नाही. परदेशात दोन वर्षं राहून कायमचा परत येणारा माणूस आपली गाडी बरोबर आणू शकतो. पण ही सवलत अटींची आहे. गाडी किमान एक वर्ष त्याच्या ताब्यात असावी, पैसे परदेशातच भरलेले असावेत, स्टिअरिंग उजवीकडे असावं, जुनी असेल तर बनून तीन वर्षांहून अधिक झालेली नसावीत आणि आणल्यावर दोन वर्षं विकू नये. अट मोडली तर दोष गाडीला चिकटतो आणि मालक बदलला तरी जात नाही. म्हणून मी भावाला एवढंच सांगितलं, गाडी नंतर बघू, आधी फाइल मागव.

पहिली पायरी: बिल ऑफ एन्ट्री

बंदरावर माल सोडवताना आयातदार सीमाशुल्क विभागाकडे जे विवरण भरतो, ते बिल ऑफ एन्ट्री. आयातदाराचं नाव, फ्रेम नंबर म्हणजे आपला चेसिस नंबर, इंजिन नंबर, उत्पादनाचं वर्ष, जाहीर केलेली किंमत, आकारलेलं शुल्क आणि गाडी सोडल्याची तारीख त्यात असते. हा कागद नसेल तर बोलणं तिथेच थांबवावं. "आरसी आहे ना, मग ते कशाला?" असं विक्रेता हमखास म्हणतो. पण आयात गाडीची पहिली नोंदणी करताना आरटीओलाही सीमाशुल्काचा दाखला लागतो, केंद्रीय मोटार वाहन नियम 47 मध्ये तो कागदांच्या यादीतच आहे. गाडी रीतसर नोंदली असेल तर हा कागद कधीतरी होताच.

आमच्या हातात आली ती झेरॉक्स. झेरॉक्सवर विसंबू नये. icegate.gov.in या संकेतस्थळावर बिलाची स्थिती पाहण्याची सोय आहे. बंदराचा कोड, बिलाचा नंबर आणि तारीख लागते. न्हावाशेवाचा कोड INNSA1, मुंबई बंदराचा INBOM1. हाताने भरलेली बिलं तिथे सापडत नाहीत. तसं असेल तर विक्रेत्यालाच त्या सीमाशुल्क कार्यालयातून प्रमाणित प्रत आणायला सांगावं. त्याला वेळ लागतो, लागू द्यावा. ज्याचे कागद खरे असतात तो महिनाभर थांबायला तयार असतो.

किंमत आणि शुल्क पडताळून पाहणं

आता पेन घेऊन बसायचं. जुन्या गाडीची किंमत आयातदार सांगेल ती, असं सीमाशुल्कात चालत नाही. ती गाडी नवी असताना कंपनीची जी किंमत होती, त्यातून घसारा वजा करतात: पहिल्या वर्षी दर तिमाहीला 4 टक्के, दुसऱ्या वर्षी 3, तिसऱ्या वर्षी अडीच. त्यात जहाजाचं भाडं आणि विमा मिळवतात.

आमची गाडी जपानमध्ये जून 2016 ला पहिल्यांदा नोंदली गेली आणि मार्च 2018 ला इथे उतरली. म्हणजे सात तिमाह्या. पहिल्या चारांचे 16 टक्के आणि पुढच्या तिनांचे 9, मिळून 25 टक्के घसारा. नवी असताना तिची किंमत आपल्या रुपयांत साधारण 24 लाख धरली, तर घसाऱ्यानंतर 18 लाख उरतात, भाडं-विमा धरून 20 लाख. जुन्या गाडीवर सीमाशुल्क अधिभारासह 137.5 टक्के, म्हणजे साडेसत्तावीस लाख. एकूण साडेसत्तेचाळीस. त्यावर तेव्हाचा नुसता 28 टक्के जीएसटी धरला तरी 13 लाख 30 हजार. वीस लाखांच्या गाडीवर जवळपास 41 लाखांचा कर, आणि बंदराबाहेर पडताना गाडी 60 लाखांच्या वर.

बिलावर जाहीर किंमत होती साडेआठ लाख. त्याच हिशेबाने तिच्यावर कर भरला गेला सुमारे 17 लाख 34 हजार. म्हणजे साडेतेवीस लाखांच्या आसपास कर चुकवलेला असण्याची शक्यता. माझा हिशेब काटेकोर नव्हे. नेमकं मॉडेल आणि त्या महिन्याचा येनचा दर यांनी लाख-दोन लाख इकडे तिकडे होतील. पण वीस लाख आणि साडेआठ लाख यांतला फरक येनच्या दराने भरून निघत नाही.

2024 मध्ये सांगितलेली 38 लाखांची किंमत मात्र संशयास्पद दिसत नव्हती. साठ लाखांची गाडी सहा वर्षांनी अडतीसला मिळणं साहजिक वाटतं. म्हणूनच नुसत्या आजच्या भावावरून अंदाज बांधू नका, बिलावरची किंमत बघा. हैदराबादच्या एका आयातदाराला महसूल गुप्तचर संचालनालयाने 2025 मध्ये अटक केली, तेव्हाही आरोप हाच होता: आलिशान गाड्या निम्म्या किमतीला दाखवून आणल्या.

ही गाडी खरंच त्या माणसाची होती का?

आमच्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचा निघाला तो जपानचा एक्सपोर्ट सर्टिफिकेट. गाडी देशाबाहेर पाठवताना तिथली नोंदणी रद्द करतात आणि हा दाखला देतात. फ्रेम नंबर, पहिल्या नोंदणीचा महिना आणि मालकाचं नाव त्यावर असतं. मजकूर जपानी असतो, पण आकडे वाचता येतात आणि भाषांतर करून देणारे पुण्यात सहज मिळतात.

बिलावर आयातदार म्हणून टोकियोहून परतलेल्या एका इंजिनिअरचं नाव होतं. एक्सपोर्ट सर्टिफिकेटवर मालक होती एक कंपनी, आणि नोंदणी रद्द झाली होती सप्टेंबर 2017 मध्ये. त्या इंजिनिअरचं नाव कुठेच नव्हतं. मग 'एक वर्ष ताब्यात' ही अट पुरी कशी झाली? परत येणाऱ्या माणसाला थोडे पैसे देऊन त्याचा पासपोर्ट आणि सवलत वापरायची, ही या धंद्यातली जुनी पद्धत आहे. गाडी त्याने कधी चालवलेलीही नसते.

सवलत दुसऱ्याच्या नावावर वापरण्याचे आणखीही प्रकार आहेत. जुलै 2021 मध्ये उघड झालेल्या 'ऑपरेशन माँटे कार्लो'मध्ये परदेशी राजदूतांच्या नावावर शुल्क न भरता गाड्या आणल्या गेल्या होत्या. पुढे बनावट कागदांवर एका डोंगराळ राज्यात त्यांची नोंदणी करून त्या इतर राज्यांत विकल्या गेल्या. सप्टेंबर 2025 मध्ये कोचीच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी 'ऑपरेशन नुमखोर' सुरू केलं, भूतानमधून आणल्याचा संशय असलेल्या गाड्या केरळात जप्त केल्या. तिथेही नोंदणी दूरच्या राज्यांतली होती. गाड्या जप्त झाल्या त्या शेवटच्या मालकांच्या दारातून.

म्हणून आरसीचा इतिहास उलट्या क्रमाने वाचावा. आत्ता नाव कोणाचं, त्याआधी कोणाचं, पहिली नोंदणी कुठे. आमच्या गाडीच्या आयातदाराचा पत्ता पुण्याचा, पण पहिली नोंदणी ईशान्येकडच्या राज्यात. आणि पहिली विक्री आयातीनंतर अकराव्या महिन्यात, म्हणजे दोन वर्षं न विकण्याची अटही मोडलेली. यांतली एकेक गोष्ट समजावून सांगता येईल, सगळ्या एकत्र आल्या की सांगता येत नाही.

विक्रेत्याचं उत्तर होतं, "साहेब, पाच वर्षं होऊन गेली. आता कुणी काही करू शकत नाही." हे अर्धंच खरं आहे. फसवणुकीच्या प्रकरणात बुडालेलं शुल्क मागण्याची नोटीस पाच वर्षांत द्यावी लागते, ती सीमाशुल्क कायद्याच्या कलम 28 ची मुदत. पण बेकायदा आणलेला माल जप्त करण्याचं कलम 111 वेगळं आहे आणि त्यात अशी मुदत लिहिलेली नाही. गाडी सोडवून घ्यायची तर कलम 125 खाली दंड भरावा लागतो. तोवर ती तात्पुरती हवी असेल तर बंधपत्र आणि बँक गॅरंटी. एका पोर्शे करेराच्या नंतरच्या मालकाकडे असंच शुल्क मागितलं गेलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने अखेर त्याच्या बाजूने निकाल दिला, तो आयातदार नाही म्हणून. पण त्या निकालापर्यंत पोचायला त्याला कित्येक वर्षं वकील लावून लढावं लागलं.

गाडीजवळ उभं राहून काय पाहायचं

एवढं झाल्यावर गाडी बघायला गेलो. सोबत एक जुने मिस्त्री होते. त्यांनी फ्रेम नंबरवर कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घेतला, आरटीओत घेतात तसा. जपानच्या देशांतर्गत बाजारातल्या गाडीला आपल्यासारखा 17 अक्षरी नंबर नसतो. तिचा फ्रेम नंबर छोटा असतो, सुरुवातीला मॉडेलचा कोड. या पिढीच्या वेलफायरमध्ये AGH30 म्हणजे अडीच लिटर पेट्रोल आणि AYH30 म्हणजे हायब्रिड. ठसा, बिल, एक्सपोर्ट सर्टिफिकेट आणि आरसी या चारही ठिकाणी अक्षर न् अक्षर जुळायला हवं. अक्षरांची उंची कमी-जास्त असेल, आजूबाजूचा रंग नवा असेल किंवा पत्र्यावर ग्राइंडरचे ओरखडे असतील तर पुढे जाऊ नये.

रेडिओ लावून बघा. जपानी रेडिओ साधारण 76 ते 95 मेगाहर्ट्झपर्यंतच चालतो, त्यापुढची आपली स्टेशनं लागत नाहीत. विक्रेता "सिंगापूरची गाडी आहे" म्हणत असेल आणि रेडिओ असा असेल, तर त्याच्या गोष्टीवर शंका घ्या.

अमेरिका किंवा आखातातून आलेल्या गाडीत धोका वेगळा असतो. ती मुळात डाव्या स्टिअरिंगची असते आणि दुबईसारख्या ठिकाणी उजवीकडे बदलून आणतात. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर डाव्या बाजूला बुजवलेली भोकं दिसतात, डॅशबोर्डच्या सांध्यांत अंतर असमान असतं, वायपर अजून जुन्याच दिशेने फिरतात. हेडलाइट भिंतीवर टाकून बघा. प्रकाशाचा उंच भाग डावीकडे पडायला हवा. तो उजवीकडे पडला तर रात्री समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. अशा बदललेल्या गाडीची एअरबॅग आणि स्टिअरिंग कॉलम कंपनीने कधी तपासलेले नसतात. मी स्वतः अशी गाडी कागद चोख असले तरी घेणार नाही.

सुटे भाग

भावाचा मूळ प्रश्न इथला होता. उत्तर अर्धं होकारार्थी आहे. या पेट्रोल वेलफायरचं अडीच लिटरचं इंजिन त्याच कुळातलं आहे जे टोयोटाने भारतात कॅमरीत विकलं. त्यामुळे तेलाचा फिल्टर, स्पार्क प्लग आणि इंजिनाचे बरेच भाग मिळतात. पण कॅमरीला सहा गिअरचा साधा ऑटोमॅटिक होता आणि या गाडीला सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअरच्या पायऱ्या नसलेला ऑटोमॅटिक. त्याचं तेलही वेगळं. कॅमरीच्या सवयीने एखाद्या मिस्त्रीने चुकीचं तेल ओतलं तर गिअरबॉक्सच जाईल. आणि भारतात अधिकृत आलेली वेलफायर हायब्रिड होती, तीही बदललेल्या तोंडाची. त्यामुळे 2016 च्या गाडीला तिचा बंपर आणि दिवे बसतीलच असं नाही.

शोरूमच्या संगणकात जपानी फ्रेम नंबर टाकला की गाडी सापडत नाही. म्हणून भाग शोधायचा तो त्याच्या नंबरावरून. टोयोटाचा नंबर पाच-पाच आकड्यांच्या दोन गटांचा असतो. पहिला गट भाग कोणता ते सांगतो, 04465 म्हणजे पुढचे ब्रेक पॅड. दुसरा गट तो नेमका कोणत्या गाडीचा ते. हा पूर्ण नंबर हातात असला की जपानमधल्या किंवा दुबईतल्या व्यापाऱ्याकडून मागवता येतो. खरेदीआधी पाच भागांचे नंबर काढून लेखी भाव घ्या: पुढची काच, हेडलाइट, बाजूच्या सरकत्या दरवाजाची मोटर, सीव्हीटीचं तेल-फिल्टर आणि पुढचा शॉक अॅब्सॉर्बर. भावासोबत किती दिवसांत येईल तेही लिहून घ्या. मला काचेची काळजी सर्वात जास्त वाटते. महामार्गावर पुढच्या डंपरमधून खडी उडते, काच तडकते, आणि ती येईपर्यंत गाडी दारात उभी राहते.

दोन गोष्टी सहसा कुणी सांगत नाही. एक, रिकॉल. कंपनीने दोष असलेला भाग बदलून द्यायचं जाहीर केलं तर तिचं पत्र जपानच्या पत्त्यावर जातं, तुमच्याकडे येत नाही. टाकाटा कंपनीच्या एअरबॅगांचा दोष तर उष्ण आणि दमट हवेत वाढतो. कोकणातल्या माणसाने याकडे दुर्लक्ष करू नये. जपानी टोयोटाच्या संकेतस्थळावर फ्रेम नंबर टाकून हे तपासता येतं. दुसरी, पेट्रोल. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि जपानी बाजारातल्या जुन्या गाड्या इतक्या इथेनॉलसाठी बनवलेल्या नाहीत. इंधनाच्या नळ्या आणि सील दरवर्षी तपासून घ्याव्या लागतील.

विमा

एजंट पॉलिसी पाच मिनिटांत काढून देतो, आणि अडचण तिथेच सुरू होते. संगणकात 'वेलफायर' टाकलं की भारतातलं हायब्रिड मॉडेल पुढे येतं, तो तेच निवडतो. गाडी पेट्रोल, पॉलिसी हायब्रिडची. हप्ता घेताना कुणी काही विचारत नाही. दाव्याच्या वेळी सर्व्हेअर इंजिन नंबर बघतो आणि मग वाद उभा राहतो. म्हणून पॉलिसी घेताना विमा कंपनीला ईमेल करा: ही खासगीरीत्या आयात केलेली गाडी आहे, हा फ्रेम नंबर, हे इंधन, हे बिल. त्यांचं लेखी उत्तर येईपर्यंत पैसे भरू नका.

विम्याची रक्कम, म्हणजे आयडीव्ही, कंपनीच्या भारतातल्या विक्री किमतीवरून ठरते. तशी किंमतच इथे नाही, आणि पाच वर्षांहून जुन्या गाडीची आयडीव्ही तशीही दोघांच्या संमतीने ठरते. ती कशावरून ठरवली हे लिहून घ्या. तुम्ही 38 लाख मोजलेत आणि पॉलिसीवर 22 लिहिलं असेल, तर गाडी चोरीला गेल्यावर 22 च मिळणार.

शुल्क न भरता आणलेल्या गाड्यांच्या पॉलिसीला एक जोडकलम लावतात, आयएमटी 19. देशात न मिळणाऱ्या भागाचे पैसे किती द्यायचे याची मर्यादा त्यात आहे. भागाची यादीतली किंमत, किंवा यादीच नसेल तर कारखान्यातली किंमत, शुल्क आणि वाहतूक. पण वाहतूक 'विमानाखेरीज'. तुम्ही घाईने विमानाने काच मागवली तर ते भाडं तुमच्याच खिशातून जातं. आपल्या पॉलिसीच्या शेवटच्या पानांवर हे कलम आहे का ते बघा.

आणि सीमाशुल्क विभागाने गाडी नेली तर विमा काही देत नाही. पॉलिसी अपघात, आग, चोरी अशा नुकसानाची असते, जप्तीची नव्हे.

उद्या विकताना

ही गाडी घेणारा माणूस शोधावा लागतो. पुढच्या गिऱ्हाइकालाही हीच फाइल लागणार. शिवाय टोयोटाने तीच गाडी अधिकृत आणल्यावर, ज्याला वॉरंटी आणि वर्कशॉप हवं आहे तो अधिकृत गाडीकडे वळतो. कर्ज मिळणं अवघड, म्हणून गिऱ्हाईक रोख पैसेवाला हवा. तो घासाघीस करतो. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर महाराष्ट्रात बारा महिन्यांच्या आत नोंदणी बदलून इथला कर भरावा लागतो. आयात गाडीला महाराष्ट्रात कराचा दर जास्त आहे. तो खर्च खरेदीच्या किमतीतच धरावा.

कागद बरोबर असलेली गाडीही असते, आणि आवड असेल तर ती जरूर घ्यावी. मग करार 500 रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर करा. त्यात बिल ऑफ एन्ट्रीचा नंबर, फ्रेम नंबर आणि सर्व जुन्या मालकांची नावं लिहा. आयातीच्या किंवा शुल्काच्या कारणाने गाडी जप्त झाली वा दंड बसला तर पूर्ण रक्कम विक्रेता परत करेल, हे वाक्य स्पष्ट असू द्या. पैसे बँकेतूनच द्या, चौथा हिस्सा नाव बदलून आरसी हातात येईपर्यंत राखून ठेवा. नाव बदलल्यावर 14 दिवसांत विमा कंपनीला कळवा, नाहीतर तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो.

भावाने आमच्या विक्रेत्यापुढे या कराराचा मसुदा ठेवला. त्याने पहिली दोन पानं वाचली, जप्तीच्या वाक्याशी थांबला आणि म्हणाला, "हे काढा, बाकी सगळं चालेल." भावाने ते काढलं नाही. चहा पिऊन आम्ही परत निघालो.